कंपनी कोणाची, कधीची? विकिपीडियावरच्या चार ओळींवर किती भरवसा ठेवायचा

बुटीबोरी : एमआयडीसीत नोकरीला लागायचं असो, कंपनीला गाडी भाड्याने द्यायची असो की कंत्राटदाराकडे पैसे अडकलेले असोत, आजकाल पहिलं काम एकच होतं. मोबाइल काढायचा, कंपनीचं नाव टाकायचं आणि वर जे चार ओळींचं येतं ते वाचायचं. स्थापना अमुक साली, संस्थापक तमुक, मालक फलाणे. बहुतेक वेळा या ओळी विकिपीडियावरून आलेल्या असतात. त्या खऱ्या धरायच्या का, असे प्रश्न वाचकांकडून येत असतात. त्यातले काही निवडून इथे उत्तरं देत आहोत. उदाहरणं मुद्दाम आपल्या भागातलीच घेतली आहेत.

प्रश्न : विकिपीडिया म्हणजे सरकारी माहिती आहे का? तिथं कोण लिहितं?

सरकारी नाही. विकिपीडियावर कोणीही लिहू शकतं आणि कोणीही दुरुस्ती करू शकतं. तुम्हीसुद्धा. चूक टाकणारे असतात तसे ती पुसणारेही असतात, त्यामुळे मोठ्या आणि रोज वाचल्या जाणाऱ्या पानांवर ढोबळ चूक फार दिवस टिकत नाही. पण बुटीबोरीतल्या एखाद्या कारखान्याचं पान किती जण वाचणार? तिथं पाच वर्षांपूर्वीची ओळ तशीच पडून राहिली, तर ती बदलायला कोणी येत नाही.

आणखी एक गोष्ट. विकिपीडियाचा स्वतःचाच नियम आहे की त्यावरची माहिती दुसऱ्या पानासाठी पुरावा म्हणून वापरायची नाही. प्रत्येक दाव्यामागे बाहेरचा आधार पाहिजे, आणि ओळीच्या शेवटी जो [1], [2] असा छोटा आकडा दिसतो तो त्या आधाराचा. सर्चमध्ये जो तयार सारांश येतो त्यात हे आकडे गळून जातात. म्हणजे ज्यावरून पारख करायची तेच आपल्यापर्यंत पोचत नाही.

प्रश्न : स्थापनेचं साल तर बदलत नाही. मग ते तरी बरोबर असेल ना?

साल बदलत नाही हे खरं. पण साल कशाचं, हे बदलतं. समूहाचं, कंपनीचं, का कारखान्याचं? सारांशात या तिन्हींचा काला होतो.

याचं चांगलं उदाहरण आपल्या शेजारच्या वर्धेचं आहे. बजाज ऑटो कधी स्थापन झाली, असं शोधलं तर १९४५ हे साल मिळतं, आणि कित्येक ठिकाणी संस्थापक म्हणून जमनालाल बजाज यांचं नाव दिसतं. आता जरा थांबून हिशोब करा. जमनालालजींचं निधन ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्याला झालं. मग १९४५ साली त्यांनी कंपनी कशी काढली?

गोष्ट अशी आहे की जमनालालजींनी उभा केला तो बजाज समूह, आणि त्याची सुरुवात १९२६ ची धरली जाते. वाहनांची कंपनी २९ नोव्हेंबर १९४५ ला ‘बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ या नावाने सुरू झाली, म्हणजे ते गेल्यावर जवळपास पावणेचार वर्षांनी. बछराज हे ज्या वर्धेच्या शेठजींच्या घरी जमनालालजी दत्तक आले त्यांचं नाव. कुठेकुठे ही कंपनी राजस्थानात स्थापन झाली असंही लिहिलेलं आढळतं. त्याचं मूळ बहुधा एवढंच, की जमनालालजींचा जन्म राजस्थानातल्या सीकरकडचा. माणसाचं जन्मगाव कंपनीच्या खात्यात गेलं.

इथं संपत नाही. कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत आजच्या बजाज ऑटो लिमिटेडचं साल पाहिलं तर ते २००७ दिसतं. कारण त्या सुमारास जुन्या कंपनीची विभागणी झाली. वाहनांचा धंदा एका नव्या कंपनीत गेला आणि तिला बजाज ऑटो हे नाव मिळालं. जुनी कंपनी आता बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट नावाने आहे. म्हणजे १९२६, १९४५ आणि २००७ ही तिन्ही सालं खरी आहेत, पण तीन वेगवेगळ्या गोष्टींची. सारांश लिहिणारा त्यातलं एक उचलतो आणि दुसऱ्याच्या नावापुढे ठेवतो.

म्हणून साल आणि संस्थापक शेजारी शेजारी दिसले की तो माणूस त्या साली हयात होता का, केवढा होता, एवढं तरी बघावं. दोन मिनिटांचं काम आहे आणि बऱ्याच चुका तिथंच सापडतात.

प्रश्न : आपल्या बुटीबोरीची इंडोरामा नेमकी कोणाची? कोणी म्हणते थायलंडची, कोणी इंडोनेशियाची, कोणी म्हणते दिल्लीवाल्या लोहियांची.

हा प्रश्न आला याचा आनंद आहे, कारण तिन्ही उत्तरांत थोडं थोडं खरं आहे.

मोहनलाल लोहिया यांच्या घराण्याने १९७० च्या दशकात इंडोनेशियात सूतगिरणीचा धंदा सुरू केला.  पुढे तीन मुलांनी तीन देशांत कारभार सांभाळला. श्रीप्रकाश लोहिया इंडोनेशियात, आलोक लोहिया थायलंडमध्ये आणि ओमप्रकाश लोहिया भारतात. इंडोनेशियावाल्यांची ती इंडोरामा कॉर्पोरेशन. थायलंडवाल्यांची इंडोरामा व्हेंचर्स, जिचे शेअर बँकॉकच्या बाजारात चालतात. आणि आपल्या बुटीबोरीत पॉलिस्टरचा धागा नि तंतू बनवते ती इंडो रामा सिंथेटिक्स (इंडिया) लिमिटेड. तीन भाऊ, तीन कंपन्या, नाव जवळपास सारखं.

आता मोबाइलवर नुसतं ‘इंडोरामा’ टाकलं तर काय होईल? सर्वांत मोठी कंपनी वर येईल. तिचं स्थापनेचं साल, तिचे संस्थापक, तिचं बँकॉकचं मुख्यालय. वाचणारा समजतो की हे बुटीबोरीच्या कारखान्याबद्दल आहे. इथं सारांश खोटा नसतो, तो दुसऱ्याच कंपनीचा असतो. असली चूक पकडणं जास्त कठीण, कारण ओळी सगळ्या बरोबर असतात.

आणि गंमत म्हणजे २०१९ नंतर ही चूक अर्धी खरी झाली. त्या वर्षी थायलंडच्या इंडोरामा व्हेंचर्सने बुटीबोरीवाल्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला आणि ताबा तिच्याकडे गेला. तरी ओमप्रकाश लोहिया त्यानंतरही अध्यक्षपदावर राहिले. त्यामुळे २०१८ मधला लेख वाचणारा म्हणेल मालक भारतातले लोहिया, २०२० मधला वाचणारा म्हणेल थायलंडची कंपनी. दोघंही आपापल्या तारखेपुरते बरोबर. मालकीची कोणतीही ओळ वाचताना ती केव्हाची, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रश्न : गेटवर तर जुनंच नाव हाये, साहेबही जुनेच. मग मालक बदलला हे ओळखाचं कसं?

गेटवरून कळत नाही भाऊ. कंपनी म्हणजे कायद्याने वेगळी व्यक्ती. मालक बदलला तरी तिचं नाव, तिचा गेट, तिची कामगारांची यादी सगळं तसंच राहू शकतं. बदलतात ते तिचे शेअर धरणारे.

आणखी एक घोळ आपल्याकडे होतो. जमीन एमआयडीसीची असते, कंपनीला ती लांब मुदतीच्या पट्ट्यावर मिळते, साधारण ९५ वर्षांच्या. म्हणून काही जण म्हणतात ‘मालक तर एमआयडीसी’. ती मालकी जमिनीची. कंपनीची नाही.

प्रश्न : मग खात्रीनं कुठं पाहायचं? पैसे लागतात का?

दोन जागा आहेत, आणि दोन्हींचं काम वेगळं आहे.

पहिली म्हणजे केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाचं संकेतस्थळ, mca.gov.in. तिथं Master Data या नावाची सोय आहे. लॉगिन मागितलं तर ईमेल आणि मोबाइल नंबर देऊन साधी नोंदणी करता येते. कंपनीचं पूर्ण नाव टाकलं की तिचा नोंदणी क्रमांक, Date of Incorporation म्हणजे नोंदणीची तारीख, नोंदणीकृत पत्ता, संचालकांची नावं आणि सध्याची स्थिती दिसते. पूर्ण नाव टाकायचं, हे लक्षात ठेवा. अर्धवट नावाने शेजारची कंपनी निघते.

हा नोंदणी क्रमांक नीट वाचता आला तर अर्धी माहिती त्यातच असते. इंडो रामा सिंथेटिक्सचा क्रमांक तिच्या वार्षिक अहवालावर असा छापलेला असतो :

```
L17124MH1986PLC166615
```

पहिलं अक्षर L म्हणजे कंपनीचे शेअर बाजारात नोंदलेले आहेत. नसते तर U असतं. पुढचे पाच आकडे धंद्याचा प्रकार सांगतात. MH म्हणजे नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रात. मग १९८६, म्हणजे ही कंपनी त्या साली नोंदली गेली. PLC म्हणजे पब्लिक लिमिटेड. शेवटचे सहा आकडे नोंदवहीतला क्रमांक. म्हणजे कोणी या कंपनीची स्थापना १९७५ किंवा १९९४ ची सांगू लागला, तर तो दुसऱ्या भावाच्या कंपनीबद्दल बोलतो आहे हे लगेच कळतं. मात्र १९८६ हे कंपनीचं साल आहे, बुटीबोरीचा कारखाना त्यानंतर नव्वदच्या दशकात आला. हे दोन एक समजू नका.

कंपनीच्या लेटरहेडवर, वेबसाइटवर आणि बिलांवर हा क्रमांक लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. नोकरीचं पत्र किंवा वर्क ऑर्डर आली आणि त्यावर हा क्रमांकच नसेल, तर तिथंच सावध व्हा. क्रमांक असेल तर तो टाकून बघा, नाव आणि पत्ता जुळतो का. दुसऱ्याच कंपनीचा क्रमांक छापून पत्र पाठवणारेही असतात, म्हणून नुसता क्रमांक दिसला की झालं असं नाही.

पण Master Data मध्ये एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे शेअर कोणाकडे आहेत. संचालक म्हणजे मालक नव्हे. संचालक पगारी माणूसही असू शकतो. मालकीसाठी दुसऱ्या जागी जावं लागतं.

कंपनी शेअर बाजारात असेल तर bseindia.com वर तिचं पान उघडा आणि Shareholding Pattern पाहा. प्रत्येक तिमाही संपल्यावर २१ दिवसांच्या आत कंपनीला ही यादी द्यावी लागते. त्यात प्रवर्तक कोण आणि त्यांच्याकडे किती टक्के, हे नावानिशी असतं. हे पाहायला एक रुपयाही लागत नाही.

तिथंही एक अडचण येते. इंडो रामा सिंथेटिक्सच्या यादीत ‘इंडोरामा नेदरलँड्स बी.व्ही.’ असं नाव दिसतं. माणूस म्हणेल, आता ही नेदरलँड्सची कुठून आली? ती थायलंडच्या इंडोरामा व्हेंचर्सचीच कंपनी आहे. मोठे समूह असा हिस्सा मधल्या कंपनीच्या नावाने धरतात. मधल्या कंपनीमागे कोण, ते वार्षिक अहवालात ‘होल्डिंग कंपनी’ कोण लिहिली आहे त्यावरून कळतं. अहवाल त्याच पानावर मिळतो.

शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचं थोडं अवघड. तिचं वार्षिक विवरणपत्र mca.gov.in वर १०० रुपये भरून पाहता येतं. शेअरधारकांची यादी बहुधा त्याला जोडलेली असते, पण ती त्या वर्षापुरतीच, आणि भरायलाच उशीर झालेला असेल तर जुनी.

प्रश्न : मालक कोण हे कळून आम्हाला काय करायचं? आमचे पैसे कंपनीकडे, मालकाकडे थोडीच.

वाटतं तसं नाही. पैसे अडकलेले असतील तर हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरू शकतो.

बुटीबोरीचा ६०० मेगावॅटचा वीज प्रकल्प बघा. प्रत्येकी ३०० मेगावॅटचे दोन संच. कंपनीचं नाव विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर लिमिटेड. नावात ना रिलायन्स आहे ना अदानी. ही कंपनी अनिल अंबानी यांच्या रिलायन्स पॉवरची होती. २०१९ पासून प्रकल्प बंद पडला. कर्जाचा वाद इतका चालला की सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिलेल्या एका निकालाला या कंपनीच्याच नावाने ओळखतात. २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. १८ जून २०२५ ला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने अदानी पॉवरची योजना मंजूर केली आणि ७ जुलै २०२५ ला कंपनी अदानी पॉवरकडे गेली. रक्कम सुमारे ४००० कोटी रुपये.

या दोन टोकांच्या मधल्या काळात ‘मालक रिलायन्स पॉवर’ ही ओळ वाचून कोणी मुंबईला पत्र पाठवत बसला असता, तर त्याचं काय झालं असतं? दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली की संचालक मंडळाचे अधिकार थांबतात. कारभार न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यावसायिकाच्या हाती जातो. तो वर्तमानपत्रात जाहिरात देतो, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, आणि ज्यांचं कंपनीकडे येणं आहे त्यांना दावे द्यायला सांगतो. जाहिरातीतली मुदत साधारण १४ दिवसांची असते. चुकली तरी प्रक्रिया सुरू झाल्यापासून ९० दिवसांपर्यंत दावा देता येतो, त्यानंतर मात्र कारण सांगत फिरावं लागतं. कामगाराने दावा करायचा तो फॉर्म डी मध्ये. गाडीवाला, डबेवाला, माल देणारा यांचा फॉर्म बी.

आणि योजना एकदा मंजूर झाली की जे दावे त्यात नाहीत ते संपतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ च्या घनश्याम मिश्रा प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. नवा मालक म्हणतो, ‘जुनं देणं माझ्या यादीत नाही’, आणि कायदा त्याच्या बाजूने असतो. जुना मालक म्हणतो, ‘कंपनीच माझी राहिली नाही’. सारांशातली एक शिळी ओळ इतकी महाग पडू शकते.

म्हणून ज्या कंपनीकडे तुमचं येणं आहे तिचं Master Data मधलं स्थितीचं खानं महिन्यातून एकदा तरी बघत जा. तिथं Active ऐवजी Under CIRP असं दिसलं, तर समजा घड्याळ सुरू झालं. ibbi.gov.in वर Public Announcement मध्ये कंपनीच्या नावाने जाहिरात शोधा. त्यात व्यावसायिकाचं नाव, ईमेल आणि शेवटची तारीख असते. बिलं, हजेरीची पानं, बँकेच्या नोंदी जे असेल ते जोडून दावा द्या. वकील लागतोच असं नाही.

प्रश्न : विकिपीडियाचं पान उघडलंच, तर खरंखोटं तिथल्या तिथे कळेल का?

बरंचसं कळतं. आधी ज्या ओळीवर तुम्हाला विसंबायचं आहे तिच्या शेवटचा आकडा दाबा. आधार म्हणून शेअर बाजाराला दिलेली सूचना किंवा न्यायाधिकरणाचा आदेश असेल तर चांगलं. जुनी बातमी असेल तर तिची तारीख बघा. आकडाच नसेल तर ती ओळ म्हणजे पारावरचं बोलणं.

मग पानाचा इतिहास बघा. इंग्रजी पानावर View history असं लिहिलेलं असतं. मालकीची ओळ शेवटची कधी बदलली, कोणी बदलली, आधी काय होतं, सगळं तिथं तारखेसह राहतं. एकाच खात्याने येऊन फक्त त्याच कंपनीची स्तुती भरली असेल तर ते कंपनीचंच माणूस असण्याची शक्यता धरा. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तसं जाहीर करावं असा विकिपीडियाचा नियम आहे, पण सगळे पाळतात असं नाही.

एक फसवा प्रकार मात्र इतिहासातूनही सहज कळत नाही. कोणीतरी आधाराशिवाय एक साल टाकतं. घाईतला बातमीदार ते उचलतो. मग दुसरा कोणी त्याच बातमीचा आधार जोडतो आणि ओळीला छान आकडा मिळतो. पाणी फिरून त्याच विहिरीत. आमच्या धंद्यातल्या लोकांचा यात हात असतो, हे कबूल केलं पाहिजे. यावर उपाय एकच, बातमीच्या मागे जाऊन नोंदवही बघणं.

प्रश्न : चूक दिसली तर आम्ही दुरुस्त करावी का?

करा. ‘संपादन’ दाबून ओळ बदलता येते, पण सोबत आधाराची लिंक द्या, नाहीतर कोणीतरी ती परत फिरवेल. तुम्ही किंवा घरचं कोणी त्याच कंपनीत कामाला असेल तर थेट बदल न करता पानाच्या चर्चेच्या विभागात चूक आणि पुरावा लिहा, बाकीचे बघून घेतात. मालकीची ओळ लिहिताना ‘जुलै २०२५ पासून’ अशी तारीख टाकायला विसरू नका.